आजीची शुगर आणि नातीची शुगर

आपल्या मंडळातल्या घरांमध्ये शुगरचा आजार नवा नाही. बहुतेक घरांत एखादी आजी, एखादे काका जेवणाआधी गोळी घेतात, चहात साखर टाळतात आणि तीन महिन्यांनी रक्त तपासून येतात. त्यामुळे घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीला शुगर निघाली असे कळले की सगळ्यांना वाटते, आजार तर ओळखीचाच आहे. मग सल्ले सुरू होतात. गोड बंद करा, कारल्याचा रस द्या, आजीला गोळी लागू पडली तीच द्या, एवढ्याशा पोरीला इंजेक्शनची सवय लावू नका. सल्ला देणारे मायेनेच देतात. पण या मुलीच्या बाबतीत यातला शेवटचा सल्ला पाळला तर काही दिवसांत तिचा जीव जाऊ शकतो. म्हणून अशा घरासाठी आणि त्या घराला भेटायला जाणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी आम्ही हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

दोन्ही आजारांत रक्तातली साखर वाढते आणि त्यामुळेच दोघांना एक नाव मिळाले. ती वाढण्याचे कारण मात्र दोन्हींत वेगळे आहे. आपण पोळी, भात, केळे खाल्ले की त्याची साखर होऊन ती रक्तात येते. रक्तातून ती स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत जायला इन्सुलिन लागते. इन्सुलिन म्हणजे पेशीच्या दाराची किल्ली. ही किल्ली पोटात जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात तयार होते, तिथल्या बीटा नावाच्या पेशींत.

आजीच्या शरीरात किल्ल्या आहेत, पण कुलपे गंजली आहेत. वय, पोटावरची चरबी, घराण्याची चाल, हालचाल कमी, अशा कारणांनी इन्सुलिन असूनही पेशी दाद देत नाहीत. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन बनवून वेळ मारून नेते आणि काही वर्षांनी थकते. हा टाइप दोन. तो इतका सावकाश येतो की कित्येकांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत तो पहिल्यांदा कळतो.

नातीच्या शरीरात किल्ल्या बनवणारा कारखानाच बंद पडला आहे. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी जी यंत्रणा असते, तिने चुकून स्वतःच्याच बीटा पेशींना शत्रू ठरवले आणि त्या मारल्या. हे काम आत महिनोन् महिने, कधी काही वर्षे, गुपचूप चाललेले असते. बहुतेक पेशी संपल्या की मग बाहेर लक्षणे दिसतात, आणि तीही दोन-चार आठवड्यांत एकदम. रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठणे, तांब्याच्या तांब्या पाणी पिणे, भरपूर जेवूनही कपडे सैल होणे, जिना चढताना दमणे. हा टाइप एक. ती मावा जिलेबी जास्त खात होती म्हणून तो झालेला नाही, आईच्या हातून काही राहिले म्हणूनही नाही, आणि कोणाच्या उष्ट्याने तर नाहीच.

हा फरक आपल्याकडे फार पूर्वी कोणाच्या तरी लक्षात आला होता. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मजात, त्याचा रोगी कृश आणि सतत तहानलेला. दुसरा चुकीच्या आहारविहाराने होणारा, त्याचा रोगी स्थूल आणि बसून राहणारा. निरीक्षण अचूकच म्हणावे लागेल, पण पहिल्या प्रकारावर तेव्हा कोणाकडेच उपाय नव्हता. उपाय मिळाला १९२२ साली, कॅनडात टोरोंटो येथे. लिओनार्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा तिथल्या रुग्णालयात होता आणि त्याचे वजन जेमतेम तीस किलो उरले होते. त्या काळी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, कारण तेवढ्याने थोडे दिवस वाढत. ११ जानेवारीला त्याला बैलाच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला, तो फारसा चालला नाही. अर्क जास्त शुद्ध करून २३ जानेवारीपासून पुन्हा देऊ लागले, तेव्हा साखर उतरली आणि मुलगा उठून बसला. पुढे तो तेरा वर्षे जगला. तेव्हापासून आजपर्यंत टाइप एकचा आधार इन्सुलिन हाच आहे. ते टोचावेच लागते, कारण तोंडाने घेतले तर इतर प्रथिनांसारखे पोटात पचून जाते.

आजीची गोळी नातीला का चालत नाही, ते आता सांगणे सोपे आहे. आजी बहुधा मेटफॉर्मिन घेत असेल, सोबत ग्लिमेपिराइड. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर कमी करते आणि कुलपाला थोडे तेल घालते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळून त्यातून जास्त इन्सुलिन काढते. नातीच्या स्वादुपिंडात पिळायला काही उरलेलेच नाही. इन्सुलिन नसल्याने पेशी उपाशी राहतात आणि शरीर चरबी जाळू लागते. त्यातून कीटोन नावाची आम्ले बनतात आणि रक्त आंबट होत जाते. उलट्या, पोटदुखी, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, खोल आणि जलद श्वास, मग गुंगी. याला डॉक्टर डीकेए म्हणतात. पुष्कळ मुलांचा टाइप एक पहिल्यांदा याच अवस्थेत, दवाखान्याच्या अतिदक्षता कक्षात कळतो. त्याआधी दोन दिवस पोट बिघडले म्हणून औषध झालेले असते.

डॉक्टरांनी हा टाइप एकच कशावरून ठरवले, असे नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण नुसत्या साखरेच्या आकड्यावरून ते कळत नाही. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा लक्षणे असताना कधीही २०० च्या वर, म्हणजे मधुमेह. इथवर दोघींचा रस्ता एकच. पुढे वय, किती दिवसांत आजार आला, वजन किती उतरले आणि लघवीत कीटोन आहेत का, हे पाहतात. शंका उरली तर दोन रक्ततपासण्या होतात. एकीत बीटा पेशींवर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांचा शोध घेतात, त्यातली जीएडी ही जास्त प्रचलित. दुसरी सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवत आहे त्याचा माग. जीएडी सापडली तर शिक्कामोर्तब होते, पण सापडली नाही म्हणून टाइप एक नाही असे होत नाही. आजार नवा असताना सी-पेप्टाइडही फसवू शकते, म्हणून ते पुढे पुन्हा करतात.

मुलगी बारीक आहे म्हणून टाइप एक, एवढे सोपे गणित मात्र आपल्या लोकांत चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघेही सडपातळ, दोघांचा उंचीशी तोललेला वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, एकच, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून बारीक आणि आतून चरबीदार, अशी आपली ठेवण असते. त्यामुळे आपल्याकडे बारीक माणसालाही टाइप दोन होतो, आणि हल्ली तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांतही दिसू लागला आहे. अशा मुलांच्या मानेवर, काखेत मखमलीसारखी जाड काळपट कातडी दिसते. घासून ती जात नाही, कारण तो मळ नव्हे. शिवाय आजोबा, वडील, मुलगा अशा तीन पिढ्यांत लहान वयातच शुगर आली असेल, तर आणखी वेगळ्या प्रकारांचाही विचार करतात. म्हणूनच मुलाच्या मधुमेहाचा निदान-कागद एकदा तरी बालमधुमेहाच्या जाणकाराला दाखवावा, मग त्यासाठी जळगावला किंवा इंदूरला जावे लागले तरी चालेल.

आता रोजचे. समजा मुलीचे वजन ४० किलो आहे. या वयात अंगात वाढीचे वारे असते, त्यामुळे इन्सुलिन जास्त लागते. किलोमागे दिवसाला ०.९ युनिट धरले तर ३६ युनिट होतात. डॉक्टर साधारण त्याचे दोन भाग करतात. १८ युनिट लांब पल्ल्याचे इन्सुलिन दिवसातून एकदा, जे जेवण असो नसो, चोवीस तास मंद दिव्यासारखे चालते. उरलेले १८ झटपट काम करणारे, तीन जेवणांआधी वाटून. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. तुमच्या मुलीचे आकडे तिच्या वहीत तिचे डॉक्टर लिहून देतील आणि ते दर काही आठवड्यांनी बदलतीलही.

जेवणाआधीचे युनिट ठरवायला एक अंदाजी सूत्र आहे. ५०० ला दिवसाच्या एकूण युनिटने भागायचे. ५०० भागिले ३६ म्हणजे साधारण १४. एक युनिट १४ ग्रॅम पिष्टमय पदार्थ सांभाळते, असा त्याचा अर्थ. आता ताट पाहू. लहान गव्हाच्या दोन पोळ्या, प्रत्येकी १७ म्हणजे ३४ ग्रॅम. एक वाटी वरण, १५. अर्धी वाटी भात, १५. बेरीज ६४, भागिले १४, म्हणजे साडेचार युनिट. साधी पालेभाजी, काकडी, अंडे यांचा हिशेब जवळजवळ धरावा लागत नाही. जेवणाआधीच साखर जास्त असेल तर ती उतरवायला आणखी थोडे. त्यासाठी १८०० ला ३६ ने भागतात, उत्तर ५०. एका युनिटने साखर सुमारे ५० ने उतरते. लक्ष्य १२० आहे आणि मीटर २२० दाखवतो, तर दोन युनिट वाढवायचे. म्हणजे या जेवणाला साडेसहा.

आपण बुऱ्हाणपूरकर, केळ्याशिवाय आपले घर नाही. आजीला डॉक्टरांनी केळे कमी करा म्हटले असेल, ते तिच्यापुरते ठीकच आहे. नातीला केळे बंद नाही. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम पिष्ट, म्हणजे जवळपास दोन युनिट. ते टोचून तिने केळे खावे. आजीच्या पथ्यात अन्न कमी करून साखर सांभाळतात, नातीच्या पथ्यात अन्नाला जुळेल एवढे इन्सुलिन देतात. वाढत्या वयात तिला अर्धपोटी ठेवले तर उंची खुंटते. रोज जिलेबी खावी असे अर्थातच कोणी म्हणणार नाही, कारण पाकातली साखर इन्सुलिनच्या आधी रक्तात पोचते आणि हिशेब चुकतो. पण लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर तिच्या पानातला गोड पदार्थ कोणी उचलून घेऊ नये. उपवासाचेही तसेच. हरतालिकेला काही न खाता राहायचे म्हणून लांब पल्ल्याचे इन्सुलिन बंद करता येत नाही. आणि साबुदाण्याची खिचडी तर जवळजवळ सगळी पिष्टच. तिचा उपवास डॉक्टरांना विचारूनच, आणि घरच्यांनी सूट दिली तर फार बरे.

इन्सुलिन जास्त झाले, जेवण कमी पडले किंवा खेळणे जास्त झाले, तर साखर ७० च्या खाली येते. हात थरथरतात, घाम येतो, भूक लागते, मुलगी चिडचिड करते किंवा असंबद्ध बोलते. लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे, आणि वर आल्यावर बिस्किट किंवा पोळी द्यायची. चॉकलेट किंवा पेढा इथे कामाचा नाही, त्यातले तूप-दूध साखरेला मंद करते. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही, कुशीवर निजवून थेट दवाखाना. राजघाटावर भावंडांबरोबर पाण्यात उतरायचे असेल तर आधी साखर मोजून, काहीतरी खाऊन, आणि काठावर हे सगळे माहीत असलेले मोठे माणूस बसलेले असावे. पाण्यातली थरथर थंडीची की साखरेची, हे तिलाही कळत नाही.

घरात चूक कुठे होते, ते आता सांगतो. पहिली जागा मेडिकलच्या काउंटरवर. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एकीत मिलीला ४० युनिट, दुसरीत १००. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची नारिंगी टोपीची. १०० ची बाटली आणून लाल टोपीच्या सिरिंजने भरली तर सहा युनिटच्या खुणेवर प्रत्यक्षात पंधरा युनिट जातात. तेवढ्याने मुलगी बेशुद्ध होऊ शकते. उलटे केले तर इन्सुलिन निम्म्याहूनही कमी जाते आणि साखर का चढते ते कोणाला उमगत नाही. दर वेळी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा घरातल्या दोन माणसांनी वाचावा. पेन वापरत असाल तर हा घोळ होत नाही, मात्र पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढू नये.

दुसरी जागा आपला वैशाख. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवतात. बर्फाच्या कप्प्यात नाही, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वाया जाते. चालू बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण ती सोय पंचवीस-तीस अंशांच्या खोलीची आहे, आपल्याकडच्या मे महिन्याची नाही. वीज तासन् तास जाते तिथे मातीचा माठ कामाला येतो. मोठ्या मडक्यात थोडे पाणी किंवा ओली वाळू, त्यात लहान मडके, आणि त्यात डबीत बंद केलेली बाटली. वर ओले फडके टाकून सावलीत, वारा लागेल असे ठेवायचे. पाणी उडते तसा गारवा येतो. शेतावर जाताना गाडीच्या डिक्कीत बाटली ठेवणे म्हणजे ती उकळायला ठेवणे.

तिसरी जागा सगळ्यात फसवी. इन्सुलिन सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत पुष्कळ मुलांची गरज एकदम कमी होते. ३६ ची १२ होतात, कधी त्याहून कमी. उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळून त्या थोडे काम करू लागतात, म्हणून असे होते. डॉक्टर याला हनीमून म्हणतात. नेमके याच काळात कोणीतरी काढ्याचा, चूर्णाचा किंवा बाबांचा पत्ता आणून देतो. साखर तर उतरतच असते, श्रेय चूर्णाला मिळते आणि इन्सुलिन बंद होते. पण हा विसावा काही महिन्यांचा असतो, फार तर वर्ष-दीड वर्षाचा. तो सरला आणि इन्सुलिन बंद असले की गाडी पुन्हा उलट्या आणि खोल श्वासापाशी येते. डोस कमी करायचा तो मीटर पाहून, डॉक्टरांनी. शून्य करायचा नाही.

आणि चौथी, ताप. मुलगी जेवली नाही, ओकते आहे, मग इन्सुलिन कशाला, असे कोणत्याही आईला वाटेल. आजीच्या काही गोळ्या अशा दिवशी डॉक्टर थांबवतातही. नातीचे उलटे आहे. तापात शरीर स्वतःच साखर सोडते, म्हणून न जेवताही साखर चढते. लांब पल्ल्याचे इन्सुलिन चालूच ठेवायचे, दर तीन-चार तासांनी साखर मोजायची, आणि लघवीतल्या कीटोनची पट्टी बुडवून पाहायची. ही पट्टी मेडिकलमध्ये मिळते, घरात एक डबी असावीच. पट्टी गडद जांभळी होत असेल, उलटी थांबत नसेल किंवा श्वास खोल झाला असेल, तर सकाळची वाट पाहू नये. दवाखान्यात पोचल्यावर पहिले वाक्य "हिला टाइप एक मधुमेह आहे, ही इन्सुलिनवर आहे" हे असावे. नुसते "शुगर आहे" म्हटले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आजीची शुगर येते.

शाळेत वर्गशिक्षिकेला आणि वर्गातल्या दोन मैत्रिणींना साखर-पाण्याची युक्ती सांगून ठेवावी. परीक्षेत बरोबर खाऊ नेण्याची सवलत सीबीएसईने २०१७ पासून अशा मुलांना दिली आहे. इतर बोर्डांच्या शाळांत मुख्याध्यापकांना डॉक्टरांचे पत्र आधीच द्यावे. मुलीच्या लग्नाचे कसे होईल म्हणून आजार लपवणारी घरेही आहेत. लपवले की ती शाळेत टोचत नाही, मग दुपारचा डोस चुकतो आणि तिची तिमाही तपासणी बिघडते. एवढे तरी डोळ्यांपुढे ठेवावे.

धाकट्या भावाला होईल का, हा प्रश्न राहिला. टाइप एक असलेल्यांच्या बहुतेक भावंडांना तो होत नाही. त्याला तहान-लघवी वाढलेली दिसली तर त्याच दिवशी मीटरवर एक थेंब पाहावा, एवढे पुरे. टाइप दोन मात्र घराण्यातून जास्त जोराने येतो. आजीला आहे म्हणजे खरी तपासणी आजीच्या मुलामुलींची व्हायला हवी, म्हणजे या मुलीच्या वडिलांची, आत्याची, काकांची. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. मुलीला दाखवायला लॅबमध्ये जाल, त्या दिवशी वडिलांनीही चहा न घेता जावे.